दोन कॉफ्या, सहा वाट्या: घरच्या घरी कपिंग

प्रश्न: चिकमगळूरच्या एकाच मळ्यातल्या दोन कॉफ्या आणल्यात. एका पाकिटावर 'वॉश्ड' लिहिलंय, दुसऱ्यावर 'नॅचरल'. दुकानदार म्हणाला, दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला तर दोन्ही कडूच लागतात. हँड ग्राइंडर आहे, दागिन्यांसाठी असतो तसा छोटा काटा आहे, वाट्या-चमचे आहेत. कपिंग करून फरक कळेल का? जीभ तयार व्हायला काय करावं? परळला राहते, घरी मी आणि नवरा दोघंच.

उत्तर: कळेल. फक्त पहिल्याच दिवशी 'यात संत्रं लागतंय की जर्दाळू' असं शोधत बसू नका. आधी दोनच गोष्टी बघायच्या: डोळे मिटून या दोन कॉफ्या वेगळ्या ओळखता येतात का, आणि येत असतील तर कशात कोण जास्त आहे. नावं नंतर आपोआप सुचतात.

कपिंग म्हणजे कॉफी चाखून पारखायची रीत, आणि ती मुद्दाम साधी ठेवलेली असते. फिल्टर नाही, पाणी ओतायचं कसब नाही, दूध-साखर नाही. पूड, गरम पाणी आणि चार मिनिटं. दोन्हीकडे सगळं सारखं ठेवलं की जो फरक उरतो तो दाण्यांचा. घरी गाडी अडते ती इथेच. एका वाटीत ग्रॅमभर पूड जास्त पडते, एक पूड जरा बारीक होते, किंवा कुठल्या वाटीत काय आहे ते आधीच ठाऊक असतं. मग जिभेला लागलेला फरक आपणच घातलेला असतो. म्हणून खाली तयारीवर जास्त लिहिलं आहे आणि चाखण्याच्या वर्णनांवर कमी.

तुमची जोडी शिकायला चांगली आहे, कारण मळा एकच आणि प्रक्रिया वेगळी. वॉश्डमध्ये फळाची साल काढतात, दाण्याला चिकटलेला बुळबुळीत गर आंबवून धुऊन टाकतात आणि मग दाणा वाळवतात. नॅचरलमध्ये अख्खं फळ सालीसकट उन्हात वाळतं, म्हणजे दाणा कित्येक दिवस त्या गरातच असतो. आपल्याकडच्या व्यापारात अरेबिका जातीच्या धुतलेल्या कॉफीला 'प्लांटेशन' म्हणतात आणि सालीसकट वाळवलेल्या कॉफीला 'चेरी'. कधी पाकिटावर 'प्लांटेशन ए' दिसलं तर ती वॉश्ड समजा.

सुरू करण्याआधी दोन्ही पाकिटांतले दाणे पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी ओता. रंग जवळपास सारखा हवा. एक दाणा तेल चोळल्यासारखा चकाकत असेल आणि दुसरा कोरडा असेल, तर तुम्ही भाजणीची तुलना करणार आहात, प्रक्रियेची नाही. दोन्ही चकाकत असतील तर 'दोन्ही कडूच' या तक्रारीचं उत्तर तिथेच मिळालं. इतक्या गडद भाजणीत मळा आणि प्रक्रिया दोन्ही धुराखाली गाडले जातात. अशा वेळी कपिंगवर मेहनत घेऊ नका, तीच जोडी मध्यम किंवा त्याहून हलक्या भाजणीत मिळते का बघा. भाजल्याची तारीखही पाहा. दोन्हींत चार-पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. भाजून आठवडा ते तीन आठवडे झालेली कॉफी या कामाला उत्तम. परवाच भाजलेल्या दाण्यांत वायू इतका असतो की पूड फुगून वर तरंगत राहते आणि नीट भिजत नाही.

वाट्या, चमचा, पाणी

सहा वाट्या लागतील. सहाही एकाच मापाच्या आणि एकाच आकाराच्या हव्यात, ही एकच खरी अट. चिनी मातीचे छोटे सूप बोल किंवा जाड काचेचे बुटके ग्लास चांगले. स्टीलची पातळ वाटी वर्ज्य नाही, पण ती पटकन निवते, म्हणून तीन स्टीलच्या आणि तीन काचेच्या असं करू नका. कटिंगचे ग्लास फार लहान पडतात, चमचा नीट बुडत नाही.

वाटी काठोकाठ भरली की किती पाणी मावतं ते एकदाच मोजून ठेवा. १५० ते २०० मिली हवं. प्रमाण १०० मिली पाण्याला साडेपाच ग्रॅम पूड. १८० मिलीच्या वाटीला १० ग्रॅम, म्हणजे हिशोब सोपा. तुमच्या छोट्या काट्यावर भरलेली वाटी बसणार नाही, वजन बहुधा मर्यादेबाहेर जाईल. त्याने काही अडत नाही. काट्यावर फक्त दाणे तोला आणि पाणी प्रत्येक वाटीत काठापर्यंत भरा. वाट्या सारख्या असल्या की पाणीही सारखंच पडतं. काठोकाठ भरण्यामागचं एक कारण हेच.

चमचा खोल आणि गोल हवा, सुपाचा असतो तसा. पोह्यांचा चमचा उथळ आणि टोकदार असतो, त्यात घोटभर द्रव राहत नाही. स्टीलचा किंवा चांदीचा चालेल, तांब्या-पितळेचा नको. दोघं चाखणार असाल तर प्रत्येकाचे दोन चमचे ठेवा: एकाने वाटीतून घ्यायचं, दुसऱ्यात ओतायचं आणि दुसरा तोंडाला लावायचा. उष्टा चमचा वाटीत जात नाही.

पाण्याबद्दल मुंबईत थोडं सांगायला हवं. महापालिकेचं पाणी तलावांचं, मुळातच फार जड नसतं. कपिंगला ते गाळून आणि उकळून चांगलं चालतं, उकळल्यावर क्लोरीनचा वासही जातो. अडचण आरओची. कपिंगसाठी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, साधारण १५० आदर्श मानतात, ७५ ते २५० पर्यंत चालतं. घरातल्या आरओचं पाणी पुष्कळदा याच्या खूप खाली असतं. त्यात कॉफी पोकळ लागते आणि आंबटपणा टोचतो. अशा वेळी आरओचं सोडून गाळून उकळलेलं नळाचंच पाणी घ्या. उलट सोसायटीत टँकरचं जड पाणी येत असेल, तर त्यातले क्षार कॉफीचा आंबटपणा मारून टाकतात. वॉश्ड आणि नॅचरल यांच्यातला अर्धा फरक आंबटपणातच असतो, त्यामुळे अशा पाण्यात दोन्ही सपाट आणि एकसारख्या लागतील. दोन बैठकींत पाणी बदलू नका.

खोलीत वास नको. फोडणी, उदबत्ती, डासांची कॉइल, हाताला लावलेलं क्रीम, सगळं नाकात जातं. सकाळी स्वयंपाकाला लागायच्या आधीची वेळ बरी, आणि तोंडही तेव्हा कोरं असतं. दात घासून तासभर तरी होऊ द्या, पेस्टची चव रेंगाळते. पंखा बंद ठेवा. घाम येईल, पण पंख्याखाली वास उडून जातो आणि झोताजवळच्या वाट्या आधी निवतात.

दळणं

पूड उपम्याच्या जाड रव्याएवढी, किंचित जाडसर. दुकानात साउथ इंडियन फिल्टरसाठी दळून देतात ती पूड याला फार बारीक, तिने सगळ्याच वाट्या कडू आणि तुरट होतील. एकदा हात लावून ग्राइंडरचा आकडा ठरवा आणि मग त्याला हात लावू नका.

सगळे दाणे एकदम दळून नंतर पूड वाटू नका. प्रत्येक वाटीचे १० ग्रॅम दाणे आधी तोला आणि ते थेट त्या वाटीसाठीच दळा. कारण असं की दाण्यांत एखादा किडका किंवा कच्चा दाणा निघू शकतो. वेगळं दळलं तर त्याची चव एकाच वाटीत राहते आणि तुम्हाला पकडता येते. एकत्र दळलं तर ती तिन्ही वाट्यांत पसरते आणि मळ्याच्या माथी बसते.

आधी वॉश्डच्या तीन वाट्या दळा. मग नॅचरलचे दोन-तीन ग्रॅम दाणे दळून ती पूड फेकून द्या, म्हणजे ग्राइंडरात अडकलेली पहिली पूड निघून जाईल. त्यानंतर नॅचरलच्या तीन वाट्या. हाताने दळायला वेळ लागतो, म्हणून दळून झालेल्या वाटीवर बशी झाका. पहिली वाटी दळल्यापासून पंधरा-वीस मिनिटांच्या आत पाणी पडायला हवं.

आंधळी मांडणी

हे काम यजमानांचं, तुम्ही तेवढ्या वेळ बाहेर थांबा. प्रत्येक वाटीच्या बुडाला चिकटपट्टीवर 'व' किंवा 'न' लिहायचं. मग तीन-तीन वाट्यांच्या दोन ओळी लावायच्या. एका ओळीत दोन वॉश्ड आणि एक नॅचरल, दुसऱ्या ओळीत उलट. कुठली ओळ कशी आणि ओळीत वेगळी वाटी कितव्या जागी, हे नाणं उडवून किंवा चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मनाने ठरवलं तर माणूस वेगळी वाटी हमखास मध्ये ठेवतो. मांडून झालं की त्यांनी खोलीबाहेर जायचं. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून उत्तर कळतं.

आता प्रत्येक ओळीत तुम्हाला एकच सांगायचंय: तिघींतली वेगळी कोणती? याला त्रिकोण चाचणी म्हणतात. 'ही कुठली कॉफी' असं विचारलं की माणूस पाकीट आठवतो. 'वेगळी कोणती' असं विचारलं की फक्त जीभ वापरावी लागते.

नुसता अंदाज ठोकूनही तीनांत एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून एका त्रिकोणावर हुरळून जाऊ नका. एका बैठकीत दोन त्रिकोण होतात. तीन बैठका केल्यात तर सहा. सहापैकी पाच बरोबर आले, तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता शंभरात दोनाहूनही कमी असते, म्हणजे फरक तुम्हाला खरोखर कळतोय. चार आले तर नशिबाचा वाटा शंभरात दहापर्यंत असतो, तेव्हा आणखी एक बैठक करा. तीन बैठकींना मिळून प्रत्येक कॉफीचे साधारण ९० ग्रॅम दाणे लागतील, अडीचशेच्या पाकिटात आरामात बसतं.

पाणी ओतल्यापासून पुढे

पाणी ओतण्याआधी सहाही वाट्या हुंगा. बशी उचला, वाटी हलकेच आपटा, नाक खाली न्या. कोरड्या पुडीचा वास आणि भिजल्यावरचा वास वेगळे असतात, दोन्ही टिपा. नॅचरल बहुतेक वेळा इथेच ओळखू येते: सुकलेल्या फळासारखा, कधी पिकलेल्या फणसाकडे झुकणारा गोड वास. वॉश्डचा वास त्यामानाने शांत असतो.

पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करून साधारण मिनिटभर थांबा. ते ९३ अंशांच्या आसपास येतं. घड्याळ लावा आणि पहिल्या वाटीपासून क्रमाने काठापर्यंत ओता, सगळी पूड भिजेल असं. प्रत्येक वाटीला दहा-बारा सेकंद आणि पुढची लगेच. सहाव्या वाटीपर्यंत पाणी एखाददुसरा अंश निवतं, पण मांडणी नाण्याने केलेली असल्यामुळे त्याचा फायदा-तोटा एकाच कॉफीला मिळत नाही. किटली छोटी असेल तर मध्ये पाणी परत उकळू नका, आधीच मोठ्या पातेल्यात सव्वा लिटर तापवा.

पुडीचा जाड थर वर येईल, दुधावर साय धरते तसा. त्याला हात लावायचा नाही.

चार मिनिटांनी पहिल्या वाटीपासून त्याच क्रमाने थर फोडायचा. चमच्याची पाठ थराला लावा, नाक वाटीच्या अगदी वर आणा आणि चमचा आपल्यापासून पुढे तीनदा ढकला. वास एकदम वर येतो आणि पाच-दहा सेकंदांत ओसरतो. हाच क्षण नाकासाठी सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून आधी फोडून मग वाकू नका. तीन म्हणजे तीनच, आणि तळ ढवळायचा नाही. एका वाटीत तीनदा आणि दुसरीत सहादा ढवळलं की दुसरीत अर्क जास्त उतरतो आणि ती 'कडक' लागते. दर वाटीनंतर चमचा गरम पाण्यात बुडवून झटका.

पूड बरीचशी तळाला जाते. वर राहिलेला फेस आणि तुकडे दोन चमच्यांनी दोन्ही बाजूंनी मध्ये ओढून उचला. फेस तुरट-कडू असतो, तो राहिला तर पहिल्या घोटाला सगळंच कडू लागेल.

आता थांबा. पाणी ओतल्यापासून दहा-बारा मिनिटं होईपर्यंत चाखायचं नाही. कॉफी ७० अंशांच्या जवळ आलेली असते तेव्हा. त्याआधी फक्त जीभ पोळते, आणि पोळलेल्या जिभेची ती बैठक वाया जाते.

भुरका

लहानपणी भुरका मारला म्हणून ओरडा खाल्ला असेल, इथे भुरकाच हवा. चमचा अर्धा भरा, ओठांना लावा आणि हवेसकट जोरात ओढा, बशीतला चहा ओढतात तसा. कॉफीचे बारीक तुषार होऊन सगळ्या तोंडात पसरतात आणि त्यांची वाफ घशामागून नाकात जाते. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग या मागच्या वाटेने येणारा वास असतो. खात्री करायची तर एक घोट नाक दाबून घ्या: फक्त आंबट, कडू, किंचित गोड एवढंच कळेल. नाक सोडलं की फळ, गूळ, भाजका वास, सगळं एकदम येतं. पहिल्यांदा भुरक्याने ठसका लागतो, म्हणून थोडंसंच घ्या आणि श्वास सोडून झाल्यावर ओढा.

घोट तोंडात दोन-तीन सेकंद फिरवा आणि रिकाम्या ग्लासात थुंका. सहा वाट्यांच्या तीन फेऱ्या म्हणजे निदान अठरा-वीस घोट होतात. सगळे गिळले तर हात थरथरतील आणि शेवटच्या फेरीत काही कळणार नाही. डावीकडून उजवीकडे चाखा, मग उलट या. डोळे मिटलेलेच बरे, कारण दोन कॉफ्यांच्या रंगातही फरक असू शकतो आणि नजर जिभेआधी निकाल देते.

त्रिकोणाचं उत्तर कागदावर लिहा. वाटी उचलून बूड मात्र अजून बघू नका. तुम्हाला सारख्या वाटलेल्या वाट्या एकत्र करा, एका गटाला 'क' म्हणा, दुसऱ्याला 'ख'. आता चारच प्रश्नांवर तुलना करा: आंबटपणा कोणाचा जास्त, गोडवा कोणाचा, तोंडाला जड कोण लागते आणि थुंकल्यावर चव कोणाची जास्त वेळ मागे राहते. गुण देऊ नका, जी जास्त तिच्यापुढे अधिक चिन्ह काढा. नवशिक्या जिभेला 'किती' कळत नाही, पण 'कोण जास्त' फार लवकर कळतं.

ही फेरी तीनदा करायची: पहिली दहा-बारा मिनिटांनी, दुसरी वीसच्या सुमारास, तिसरी पस्तीस-चाळीस मिनिटांनी, कॉफी अंगाएवढी कोमट झाल्यावर. बहुतेक जण पहिल्या फेरीनंतर उठतात आणि तिथेच फसतात. गरम असताना वास जोरात असतो, पण जिभेला भाजणीचा कडवटपणाच पुढे जाणवतो. निवत जाते तसा आंबटपणा आणि गोडवा वर येतो. अगदी कोमट झाली की दोष लपत नाहीत.

तुमच्या जोडीचा कागद साधारण असा दिसावा. पहिल्या फेरीत 'क'चा वास जड आणि फळाचा, 'ख'चा हलका. चव दोघींची जवळपास सारखी कडू, आंबटपणापुढे चिन्ह नाही. इथे निराश होऊ नका. दुसऱ्या फेरीत 'ख' आंबट लागते, पण तो आंबटपणा स्वच्छ, चटकन येऊन जाणारा. 'क'मध्ये आंबटपणा कमी आणि द्रव जड, साधं पाणी आणि तांदळाची पातळ पेज यांत असतो तसा फरक. तिसऱ्या फेरीत 'क'ची चव थुंकल्यावरही राहते, काकवीसारखी, क्वचित ताडीच्या बाजूला झुकणारी. 'ख' थंड झाल्यावर चहासारखी पातळ, शेवट कोरा. बूड पाहिलं तर 'क' म्हणजे नॅचरल आणि 'ख' म्हणजे वॉश्ड निघायला हवी. उलट निघाली तरी कागद खोडू नका, पुढच्या बैठकीला पुन्हा तसंच येतं का ते बघा.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

बूड पाहिल्यावर पहिली तपासणी दोन कॉफ्यांमधली नाही, एकाच कॉफीच्या तीन वाट्यांमधली. तिन्ही वॉश्ड एकमेकींसारख्या लागल्या का? लागल्या नाहीत तर वॉश्ड विरुद्ध नॅचरल हा विषयच काढू नका. एकच वाटी बिघडली असेल आणि तिला कच्च्या शेंगदाण्यासारखी किंवा कुजकट चव असेल, तर दोष दाण्याचा. ती वाटी बाजूला सारा. तिन्ही वेगवेगळ्या लागल्या तर दोष हाताचा: वजन, दळण किंवा ढवळणं. छोट्या काट्यांची बॅटरी उतरली की अर्ध्या ग्रॅमची चूक सहज होते, आणि १० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम जिभेला कळतो.

सगळ्याच वाट्या टोचऱ्या आंबट आणि पातळ लागल्या तर पूड फार जाड होती, पाणी निवलेलं होतं किंवा आरओचं होतं. सगळ्याच कडू-तुरट असतील तर पूड बारीक झाली. आणि नॅचरलमध्ये फळापेक्षा शिरक्याचा वास जास्त असेल, तर ते 'फ्रूटी' नाही. वाळवताना फळ नको तितकं आंबलेलं असतं. दुकानदार काहीही म्हणो.

जीभ तयार करणं

'दोन्ही कडूच' असं म्हणणाऱ्या बहुतेकांना कडू, आंबट आणि तुरट यांची गल्लत होत असते. मराठी माणसाला इथे एक सोय आहे, तुरट हा शब्द आपल्या तोंडात लहानपणापासून आहे. कडू ही चव आहे, जिभेवर रेंगाळते. तुरट हा स्पर्श आहे. लाळेतली प्रथिनं त्या पदार्थाला चिकटतात, लाळेचा ओशटपणा जातो आणि गाल आतून खरबरीत होतात. घोट थुंकल्यावर जीभ गालाच्या आतून फिरवा. घसरली तर तुरटपणा नाही, अडकली तर आहे. खूण पक्की करायची तर भिजवलेल्या मेथीचं पाणी आणि एक जांभूळ किंवा काजूचं बोंड एका मागोमाग चाखा. पहिलं कडू, दुसरं तुरट, पुन्हा घोळ होणार नाही.

आंबटपणासाठी ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड आणा. १ ग्रॅम १०० मिली पाण्यात विरघळवा. एकाच कॉफीच्या तीन वाट्या करा, निवू द्या. एकीत या पाण्याचा एक छोटा चमचा, ५ मिली, घाला. बाकी दोघींत साधं पाणी ५ मिली घाला, नाहीतर तुम्ही पातळपणा ओळखाल. आता यजमानांनी वाट्या फिरवायच्या आणि तुम्ही वेगळी शोधायची. जमलं की पुढच्या वेळी अडीच मिली. यातून कॉफीतला आंबटपणा कडवटपणापासून सुटा ओळखू येतो, आणि मग वॉश्ड कॉफीत तो आपणहून दिसतो. आमसूल, चिंच, दही आणि लिंबू पाण्यात कालवून शेजारी ठेवलंत तर आंबटाचे प्रकारही कळतील. चारही आंबट, पण दह्याचा आंबटपणा गोल लागतो आणि लिंबाचा टोकदार.

सहांपैकी तीनच किंवा त्याहून कमी त्रिकोण जमत असतील तर जोडी सोपी करा. अरेबिका आणि रोबस्टा या दोन जातींच्या कॉफ्या घ्या, तो फरक जिभेला मोठा असतो. किंवा वॉश्ड अरेबिकासमोर मान्सून्ड मलबार ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेल्या त्या दाण्यांत आंबटपणा जवळजवळ उरत नाही आणि द्रव जड होतो, त्यामुळे दोन टोकं एकदम कळतात. मग परत तुमच्या जोडीकडे या.

पावसाळा सुरू झाला की त्याच वॉश्डचे ३० ग्रॅम दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत आणि ३० ग्रॅम उघड्या ताटलीत ओट्यावर ठेवा. आठ दिवसांनी याच पद्धतीने सहा वाट्या लावा. ताटलीतल्या दाण्यांचा थर फोडताना वास दबका येतो, आणि कोमट झाल्यावर भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. ती एकदा जिभेवर बसली की दुकानातली जुनी कॉफी पहिल्या घोटाला ओळखाल. उरलेला चोथा मात्र मोरीत ओतू नका, गाळून कुंडीत टाका. पाइपच्या बाकात तो गाळासारखा बसतो.